तसबिरीखालचें नांव

कोंकणांतल्या एखाद्या गांवीं शाळेचा, वाचनालयाचा किंवा देवस्थानाचा उत्सव आला, कीं त्याची स्मरणिका निघते. आणि स्मरणिका निघाली, कीं तिच्यांत गांवांतल्या जुन्या घरांतून गोळा केलेलीं छायाचित्रें छापलीं जातात. येथवर सर्व स्तुत्य आहे. परंतु त्या छायाचित्रांखालीं जो मजकूर छापला जातो, त्याच्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं, म्हणून तो आम्हांस काढणें भाग आहे. चित्रांतील मनुष्य कोण हें ठाऊक नसतांना त्याच्याखालीं बेधडक नांव घालावयाचें, आणि नांव अगदींच सुचलें नाहीं तर ‘एक अज्ञात व्यक्ति’ असें लिहून हात झटकावयाचे, अशा दोनच रीती आमच्या संपादकमंडळींस माहीत आहेत. पहिलींत खोटेपणा आहे व दुसरींत आळस आहे. या दोहोंच्या मध्यें एक तिसरी रीत आहे: जें दिसतें तें सांगावें, जें कळलें तें कोणाकडून कळलें हें सांगावें, आणि नांवाची जागा उघडपणें रिकामी ठेवावी. ही रीत कठीण नाहीं, पण ती शिकावी लागते. आणि ती न शिकल्यामुळें काय होतें, तें दाखविण्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम आमच्याच जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय घेऊं. झांशीचें नेवाळकर घराणें मूळचें रत्नागिरीकडचें. त्यामुळें राणी लक्ष्मीबाईचें ‘खरें छायाचित्र’ म्हणून जें जें म्हणून कोणी पुढें करतो, तें तें आमच्याकडे मोठ्या आदरानें चौकटींत बसतें. इ. स. २००९ मध्यें भोपाळ येथें असें एक छायाचित्र प्रदर्शनांत मांडलें गेलें, आणि तें हॉफमन नांवाच्या गोऱ्या छायाचित्रकारानें १८५० सालीं काढलें असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. हॉफमनचें नांव कलकत्त्याच्या ‘जॉन्स्टन आणि हॉफमन’ या पेढीबरोबर जोडलेलें होतें. आतां पाहा. ही पेढी निघाली १८८० च्या दशकांत. राणी ग्वाल्हेरजवळ धारातीर्थीं पडली १८५८ च्या जून महिन्यांत. म्हणजे राणी गेल्यावर वीस वर्षांहून अधिक काळानें उघडलेल्या दुकानाच्या नांवावर तिच्या हयातींतील चित्र खपविलें जात आहे.

एवढ्यानें तें चित्र राणीचें नाहीं असें सिद्ध होतें काय? होत नाहीं, आणि हें आम्ही मुद्दाम सांगतों. कारण खोट्या नांवाचा प्रतिवाद करतांना उलट दिशेनें तितकीच घाई करणारे विद्वान् आम्हीं पाहिले आहेत. पेढीचें नांव मागाहून कोणी चुकीनें जोडलें असेल. जुन्या चित्राची नवी प्रत त्या पेढीनें काढली असेल. परंतु मग पुढचा प्रश्न येतो तो कागदाचा व कांचेचा. कांचेवर ओल्या रसायनाचा थर देऊन छायाचित्र घेण्याची कृति फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें प्रसिद्ध केली ती १८५१ च्या मार्चमध्यें. त्यापूर्वीं बहुतेक चित्रें निघत तीं चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर, नाहीं तर कागदाच्याच निगेटिव्हवरून. पत्र्यावरच्या चित्राची दुसरी प्रत निघत नसे, आणि कागदी निगेटिव्हवरून आलेल्या चित्राच्या रेषा कागदाच्या तंतूंमुळें मऊ व किंचित् पसरट दिसत. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था निघाली ती १८५४ सालीं. तेव्हां १८५० साल सांगणाऱ्यानें मूळ प्रत हातांत देऊन ती या दोन जुन्या रीतींपैकीं कोणत्या रीतीची आहे हें दाखविलें पाहिजे. हें न दाखवितां केवळ ‘चेहऱ्यावर तेज आहे’ एवढ्याच पुराव्यावर नांव छापणें म्हणजे तेजाची जबाबदारी चित्रावर टाकून आपण मोकळें होणें होय.

मग त्या चित्राखालीं लिहावें तरी काय? ‘एका स्त्रीचें छायाचित्र. तिचा पोषाख व दागिने अमुक अमुक. २००९ सालीं भोपाळच्या प्रदर्शनांत हें राणी लक्ष्मीबाईचें म्हणून दाखविलें गेलें. त्यास हयातींतील कागदाचा आधार दाखविलेला नाहीं.’ असें लिहिल्यानें राणीचा मान कणभरही कमी होत नाहीं. उलट, त्या चित्रांतील जी कोणी खरी बाई असेल, तिच्यावर होणारा अन्याय तेवढा टळतो. कारण तीही कोणाची तरी लेक होती, तिलाही नांव होतें, आणि राणीचें नांव तिच्यावर ठेवल्याबरोबर तिचें स्वतःचें नांव शोधण्याचें काम कायमचें बंद पडलें. खोट्या नांवाची खरी हानि ही आहे. रिकामी जागा कोणास तरी खुणावत राहते. भरलेल्या जागेकडे कोणी पुन्हां वळून पाहत नाहीं.

शिवछत्रपतींच्या बाबतींत आपण हा अनुभव घेऊन चुकलों आहों. इब्राहिमखान नांवाच्या मुसलमान सरदाराचें चित्र महाराष्ट्रांत कित्येक वर्षें शिवाजीमहाराजांचें म्हणून छापलें जात होतें. वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं डच साधनांतून महाराजांचें चित्र पुढें आणलें, तेव्हां कोठें तो घोटाळा उघडकीस आला. एका संशोधकानें तें चित्र हुडकून काढीपर्यंत संशय घेण्याची गरज कोणासही वाटली नव्हती, कारण चित्राखालीं नांव होतें.

आतां कोणी म्हणेल, नांव नाहीं तेथें संशय ठीक; पण जेथें नांव लिहिलेलें आहे तेथें तरी वाद कशाला? यासाठीं दुसरें एक छायाचित्र घेऊं, जें आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतलें, १८८५ च्या आक्टोबरांतलें हें चित्र. तीन तरुणी आपापल्या देशाच्या पोषाखांत आहेत, आणि खालीं आनंदीबाई जोशी, जपानच्या केइ ओकामी व दमास्कसच्या इस्लांबूली अशीं तिघींचीं नांवें आहेत. या नांवांविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. विद्यालय, वर्ष व विद्यार्थिनी यांची परस्परांशीं नीट सांगड बसते. तरीही नांवांची ओळ डोळसपणें वाचावी. तिच्यांत तिघींच्याही नांवांमागें ‘डॉक्टर’ ही पदवी आहे. आनंदीबाईंस ती पदवी मिळाली १८८६ च्या मार्चमध्यें, आणि दुसऱ्या दोघींस त्याहीनंतर कांहीं वर्षांनीं. म्हणजे चित्र घेतलें त्या दिवशीं ती ओळ तशी लिहिली गेली नसावी. ती मागाहूनची असावी. चित्राचा दिवस वेगळा, त्याच्याखालच्या अक्षरांचा दिवस वेगळा. येथें सुदैवानें अक्षरें खरीं आहेत. पण घरोघरच्या चित्रांवर नातवानें किंवा पणतवानें पन्नास वर्षांनीं लिहिलेलीं जीं नांवें असतात, तीं त्या नातवाची समजूत सांगतात. चित्राची साक्ष म्हणून तीं धरतां येत नाहींत. म्हणून ‘मागें असें लिहिलें आहे’ हें वाक्य आणि ‘हे अमुक आहेत’ हें वाक्य, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

हें अंतर सांगण्यास मराठी भाषा असमर्थ आहे असें तर कोणी म्हणूं नये. आपल्या भाषेंत ‘आहे’ आहे, ‘असावा’ आहे, ‘असेल’ आहे, आणि सर्वांवर कडी करणारें ‘म्हणे’ आहे. आमच्या आज्या गांवच्या गोष्टी सांगत तेव्हां या चार पायऱ्यांवर त्यांचा पाय कधीं चुकत नसे. ‘दाभोळची मशीद विजापूरच्या राजकन्येनें बांधली म्हणे,’ असें त्या म्हणत. ‘बांधली’ एवढ्यावर कधीं थांबत नसत. आजचा संपादक त्याच गोष्टीतला ‘म्हणे’ काढून टाकतो आणि आपली भाषा शुद्ध झाली असें समजतो!

आतां दाभोळचीच गोष्ट निघाली आहे तेव्हां एक चित्र संपूर्ण पाहूं. म्हणजे आमचें म्हणणें हवेंत राहणार नाहीं. दाभोळांतल्या एका जुन्या घरांतील हें छायाचित्र एका स्मरणिकेंत छापलें गेलें. त्याच्याखालीं मजकूर होता तो असा, कीं दाभोळ बंदरांतील एक सुप्रसिद्ध व्यापारी आपल्या कुटुंबासह व नोकरासह आगबोटीची वाट पाहत उभे आहेत. व्यापाऱ्याचें नांवही दिलें होतें. तें येथें देण्याचें कारण नाहीं.

चित्र पोस्टकार्डाच्या आकाराचें आहे. त्यांत चौघें माणसें आहेत. मध्यभागीं एक पुरुष उभा आहे. डोक्यास बांधलेलें पागोटें, अंगांत गुडघ्यापर्यंतचा लांब कोट, खालीं धोतर, पायांत जोडा, आणि उजव्या हातांत मिटलेली छत्री. त्याच्या डाव्या बाजूस आठ ते दहा वर्षांचा वाटणारा एक मुलगा. डोक्यावर गोल टोपी, पाय अनवाणी. उजव्या बाजूस थोडा मागें दुसरा पुरुष; कमरेस आखूड वस्त्र, वरचें अंग उघडें, हातांत दोराचें वेटोळें. चित्राच्या अगदीं कडेस एक स्त्री आहे. तिची पाठ आपल्याकडे असून खांद्याचा कांहीं भाग चित्राबाहेर गेला आहे. लुगडें गडद रंगाचें दिसतें, चेहरा मुळींच दिसत नाहीं. पाठीमागें ओहोटीचा चिखल, त्यापलीकडे दगडी इमारतीचा एक घुमट व दोन मिनार. आगबोट चित्रांत कोठेंही नाहीं.

स्मरणिकेचा मजकूर आतां या चित्राशेजारीं ठेवा. व्यापारी हें कशावरून? कोट व छत्री यांवरून. परंतु लांब कोट व छत्री हें त्या काळीं कारकुनाकडे, मास्तराकडे, भटजीकडे, कुळकर्ण्याकडे, सर्वांकडे असे. कुटुंब हें कशावरून? शेजारीं मुलगा व बाई आहे यावरून. परंतु मुलाचा हात कोणाच्याही हातांत नाहीं, आणि बाई तर त्या मंडळीकडे पाठ करून आपल्या वाटेनें चालली आहे. बंदरावर चित्र घेतांना कडेस सांपडलेली ती वाटसरूही असूं शकेल. नोकर हें कशावरून? अंग उघडें आहे यावरून! हा तर्क तर कोंकणांतल्या मनुष्यानें करावा याचें आम्हांस विशेष वाईट वाटतें. तो तांडेल असेल, होडीचा मालक असेल. त्या दिवशीं बंदरावर सर्वांत श्रीमंत तोच असेल. आणि आगबोटीची वाट पाहणें तर चित्रांत कोणासच दिसणें शक्य नाहीं. वाट पाहणें मनांत असतें, कांचेवर उमटत नाहीं.

जें खरोखर सिद्ध करतां येतें त्याकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तो घुमट व ते मिनार दाभोळच्या खाडीकांठच्या मशिदीचे आहेत. तिला चार मिनार आहेत. चित्रांत त्यांतील दोनच येतात, आणि ते घुमटाच्या कोणत्या बाजूस येतात यावरून छायाचित्रकार कोणत्या अंगास उभा होता हें आजही प्रत्यक्ष जागेवर उभें राहून ताडतां येतें. कार्डाच्या मागें मोडींत शाईनें दोन शब्द आहेत. पहिला ‘दाभोळ’ असा स्पष्ट वाचतां येतो, दुसरा पाण्यानें फुटला आहे. म्हणजे स्थळास दोन स्वतंत्र साक्षी आहेत, एक चित्रांतली व दुसरी पाठीवरची, आणि त्या एकमेकींस दुजोरा देतात. तेव्हां स्थळ ‘दाभोळ’ असें निःशंक लिहावें. मनुष्य कोण हें न कळलें तरी स्थळ कळूं शकतें. एकाचा संशय दुसऱ्यावर लादण्याचें कारण नाहीं. त्याबरोबरच हेंही सांगितलें पाहिजे, कीं मागें मशीद आहे यावरून माणसें मुसलमान ठरत नाहींत, आणि पागोट्यावरून हिंदूही ठरत नाहींत. मशीद बंदराजवळ आहे. बंदरावर जो जो उतरला, तो तो तिच्यासमोर आला.

काळाचें काय? कार्डाच्या पाठीस मधोमध रेघ छापलेली आहे. एका बाजूस मजकूर व दुसऱ्या बाजूस पत्ता. पाठीचे असे दोन भाग करण्याची मोकळीक प्रथम विलायतेंत मिळाली ती १९०२ सालीं. म्हणजे हें कार्ड त्यापूर्वींचें नाहीं. घरांतली एक शाखा म्हणते, कीं छत्रीवाले गृहस्थ आमचे खापरपणजे. आणि ते तर १८९६-९७ च्या मुंबईच्या प्लेगांत वारले असें तीच शाखा सांगते. वाद मिटला असें वाटेल. पण जाणत्यानें येथें एक क्षण थांबावें. जुन्या चित्राचें पुन्हां छायाचित्र घेऊन तें पोस्टकार्डावर छापण्याची चाल होती. कार्ड १९०२ नंतरचें असेल, पण त्यावरचा प्रसंग त्याच्या आधींचा असूं शकेल. असें झालें आहे कीं नाहीं, हें भिंग घेऊन पाहावें लागतें. प्रतीची प्रत असेल तर गडद भागांतले बारकावे बुजून एकच काळोख झालेला दिसतो, उजळ भाग खडूसारखे पांढरे पडतात, कधीं मूळ चित्राच्या कागदाचा पोत किंवा त्याची दुमडलेली कडही उमटते. या कार्डांत दोराच्या वेटोळ्याचे पीळ वेगवेगळे दिसतात आणि ओल्या चिखलावरची चमकही शाबूत आहे. म्हणून तें प्रथम प्रतीचें असावें. ‘असावें’ म्हणतों, कारण चांगल्या कारागिराच्या हातची प्रतीची प्रतही फसवूं शकते. एवढ्यावरून खापरपणज्यांचें नांव अगदीं दुबळें ठरतें, अशक्य मात्र ठरत नाहीं. दुसरी शाखा म्हणते, हे आमच्या आजोबांचे बंधु. त्यांस काळ आड येत नाहीं. पण काळ आड येत नाहीं हा पुरावा नव्हे. त्या काळीं हयात असलेल्या पागोटेवाल्या कोणाही पुरुषास तो आड येत नाहीं! त्या बंधूंचें निर्विवाद असें दुसरें एकही चित्र घरांत नाहीं. मग ताडून पाहावयाचें कशाशीं? आणि असतें तरी कान, नाक व हनुवटी यांच्या नुसत्या साम्यावर भावाभावांत, चुलत्यापुतण्यांत भेद करणें किती अवघड, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस सांगावयास नको.

येथपर्यंत आम्हीं नांवाचा विचार केला. परंतु नांव गाळून नुसतें वर्णन लिहूं लागलें कीं लगेच दुसरा खड्डा पुढें येतो, आणि त्यांत भले भले पडतात. जें दिसतें असें आपण म्हणतों, तें तरी खरोखर दिसतें काय? रंगाचीच गोष्ट घ्या. जुन्या कांचांवरचें रसायन निळ्या प्रकाशास फार लवकर वश होई व तांबड्यास जवळजवळ दाद देत नसे. सर्व रंगांस ओळखणाऱ्या कांचा विसाव्या शतकाच्या आरंभीं बाजारांत आल्या आणि सर्रास वापरांत येण्यास त्यानंतरही बरीच वर्षें लागलीं. परिणाम असा, कीं जुन्या चित्रांत फिकट निळें लुगडें पांढरें दिसतें, आणि तांबडें, हळदी व काळें हीं सर्व सारखींच काळोखीं दिसतात. आतां पांढरें लुगडें पाहून ‘विधवा’ असें लिहिणाऱ्या संपादकानें कोणा सुवासिनीच्या आसमानी लुगड्यावर केवढा प्रसंग ओढवला, याचा विचार करावा. उलट, तांबडें आलवण नेसलेल्या बाईस ‘काळी चंद्रकळा नेसलेली’ म्हणणारेही आहेत. त्याच कारणानें गव्हाळ व सांवळी कांति जुन्या कांचेवर आहे त्यापेक्षां काळी उमटते. तेव्हां ‘गोरा’, ‘सांवळा’, ‘काळा’ हे शब्द जुन्या चित्राच्या वर्णनांत मुळींच येऊं नयेत. आणि वस्त्राविषयीं ‘गडद’ व ‘फिकट’ यांच्यापलीकडे जाऊं नये.

डाव्या-उजव्याचेंही तसेंच. पत्र्यावरचीं जुनीं चित्रें आरशांतल्यासारखीं उलटीं येतात, आणि कांच उलटी ठेवून छापलेलें चित्रही तसेंच उलटतें. अंगरख्याचे बंद कोणत्या बाजूस आहेत यावरून माणसाचा धर्म सांगणारे पंडित आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनीं प्रथम त्याच चित्रांत कोठें दुकानाची पाटी किंवा अक्षरें आहेत कां तें पाहावें, आणि तीं सुलट वाचतां येतात अशी खात्री करून घेऊन मग धर्मनिर्णयास बसावें. तसेंच चेहऱ्यावरच्या भावांचें. जुन्या चित्रासाठीं कांहीं क्षण दगडासारखें निश्चळ राहावें लागे. स्टुडिओंत मान हलूं नये म्हणून पाठीमागून आधारही देत. त्या ताठ मुद्रेस ‘करारी’, ‘उदास’, ‘सोशिक’ असें म्हणणें म्हणजे लोखंडी आधाराचे गुण माणसास चिकटविणें होय. ‘ओंठ मिटलेले, दृष्टि समोर’ एवढें दिसतें, तेवढेंच लिहावें. आणि स्टुडिओंतली खुर्ची, पुस्तकें, पडद्यावरचा बगीचा, प्रसंगीं अंगांतला कोटसुद्धां, हीं त्या स्टुडिओचीं असतात. पुस्तकावर हात ठेवला म्हणून मनुष्य पंडित होत नाहीं.

नेत्रानें पाहिलेलें आणि मनानें ठरविलेलें यांची सरमिसळ गोऱ्या लेखकांनींही केली आहे. जॉन लँग या वकिलानें १८५४ सालीं झांशीस राणीची गांठ घेतली. पडदा क्षणभर बाजूस झाला तेवढ्यांत तिचें पांढरें तलम वस्त्र व कानांतले सोन्याचे दागिने एवढेंच अलंकरण त्यानें टिपलें, तें मोलाचें आहे. पण तिच्या कांतीविषयीं व आवाजाविषयीं तो जें लिहितो त्यांत राणीपेक्षां लँगसाहेबाची आवडनिवडच अधिक दिसते. वर्णनांतला पहिला भाग ठेवावा, व दुसरा भाग ‘लँगच्या मतें’ असें लिहून लँगच्याच पदरांत घालावा.

आमच्या या सर्व म्हणण्यावर एक आक्षेप ठरलेला आहे. असें कोरडें वर्णन कोण वाचणार? लोकांस नांव हवें असतें. नांवाशिवाय चित्र पोरकें. आक्षेपकांस आम्ही एवढेंच विचारतों, कीं वर्तमानपत्रांत ‘अनोळखी इसम’ या मथळ्याखालीं पोलिसांची जी निवेदनें येतात, तीं त्यांनीं कधीं वाचलीं आहेत काय? वय अंदाजें इतकें, बांधा मध्यम, उंची इतके फूट इतके इंच, अंगांत फिकट सदरा, उजव्या मनगटावर गोंदलेलें अक्षर, डाव्या भुवईवर जुना व्रण, अमुक तारखेस अमुक ठिकाणीं आढळला. त्यांत एक विशेषण फुकट नाहीं. जात नाहीं, स्वभाव नाहीं, तर्क नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यास समुद्र जीं प्रेतें आणून टाकतो, त्यांतलीं कित्येक अशा चार ओळींमुळें आपल्या माणसांच्या हातीं लागतात. कारण दूर गांवीं बसलेली आई गोंदलेल्या अक्षरावरून आपल्या मुलास ओळखते. तेथें हवालदारानें अंदाजानें कोणाचें तरी नांव घातलें असतें, तर त्या आईनें पुढची ओळ वाचलीच नसती. जें हवालदारास जमतें तें आमच्या पदवीधर संपादकांस जमूं नये, ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटते.

शिवाय आतां चित्र आणि त्याखालचें नांव हीं स्मरणिकेंत पडून राहत नाहींत. मोबाईलवरून घटकेंत दहा गांवीं जातात. त्यांत नांव म्हणजे केवळ विशेषनाम नव्हे. ‘चोर’, ‘मुलें पळविणारे’ हींही अनोळखी माणसावर ठेवलेलीं नांवेंच होत. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें सोलापूर जिल्ह्यांतून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस जमावानें मारून टाकलें. मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरल्या होत्या, आणि भिक्षा मागत फिरणारे ते पांच अनोळखी पुरुष त्या अफवेच्या नांवांत बसविले गेले. डोळ्यांस दिसत होतें तें एवढेंच, कीं पांच परके पुरुष बाजाराच्या गांवांत आले आहेत. त्यापुढचा शब्द कोणीही पाहिलेला नव्हता.

दाभोळच्या त्या कार्डाकडे वळून हा लेख संपवितों. कारण नुसतें दोष काढून निघून जाणें आम्हांस शोभणार नाहीं. त्याच्याखालीं आमच्या मतें असें लिहावें:

‘दाभोळ बंदर. पोस्टकार्डावरील छायाचित्र, १९०२ नंतर छापलेलें. मध्यभागीं पागोटें, लांब कोट व धोतर घातलेला पुरुष, उजव्या हातांत मिटलेली छत्री. त्याच्या डाव्या बाजूस टोपी घातलेला, सुमारें आठ ते दहा वर्षांचा अनवाणी मुलगा. उजव्या बाजूस मागें दोराचें वेटोळें घेतलेला, वरचें अंग उघडें असलेला पुरुष. कडेस गडद लुगडें नेसलेली, पाठमोरी स्त्री. यांचें परस्परांशीं नातें चित्रावरून कळत नाहीं. पाठीमागें खाडीकांठच्या मशिदीचा घुमट व दोन मिनार. मागील बाजूस मोडींत दोन शब्द. पहिला “दाभोळ”, दुसरा अवाच्य. छत्री घेतलेल्या पुरुषाविषयीं घरांत दोन वेगवेगळीं नांवें सांगितलीं जातात. कोणत्याही नांवास अन्य आधार मिळालेला नाहीं.’

दोन्ही शाखांनीं सांगितलेलीं नांवें, सांगणाऱ्याचें वय, नातें व सांगितल्याची तारीख यांसह निराळ्या वहींत टिपून ठेवावीं. तीं टाकून द्यावींत असें आम्ही म्हणत नाहीं. उद्यां धोपाव्यास किंवा अंजनवेलीस एखाद्या घरीं त्याच पुरुषाचें, त्याच छत्रीसह, नांव व तारीख घातलेलें दुसरें चित्र निघालें, तर ती वही उघडावी लागेल. आणि दोर धरलेल्या त्या उघड्या अंगाच्या मनुष्याविषयीं आजवर कोणत्याच शाखेनें कांहीं सांगितलेलें नाहीं, कारण त्याच्याविषयीं कोणी विचारलेलेंच नाहीं. तेव्हां स्मरणिकेची पुढची आवृत्ति निघण्यापूर्वीं तें चित्र बंदरावरच्या घरांतूनही एकदां फिरवून आणावें.